जड पाण्याचं वाक्य

माझ्या हातून एका बाईचा कुकर गेला. मी तो चोरला नाही, फोडला नाही, त्याला कधी हातही लावला नव्हता. साताऱ्यात टेबलाशी बसून, लाल शाईच्या पेनानं घालवला. आता स्वयंपाकघरात शिटी झाली की घरातले ‘आजी, गॅस’ म्हणून ओरडतात आणि मी ओट्यापाशी उभी असूनही मला ते ऐकू येत नाही. कान खराब झालेत अशी सगळ्यांची समजूत आहे. ती मी मोडलेली नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. साताऱ्यात एक साप्ताहिक निघायचं, आठ पानांचं. त्यातलं सहावं पान महिलांचं आणि त्या पानाची मालकीण मी. मालकीण म्हणजे काय, तर पाककृती निवडायच्या, प्रुफं तपासायची आणि संपादकांचा चहा आला की कप विसळून द्यायचा. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला असं मी लोकांना सांगत असे. तो चांगला हातभर हुकला होता. पण पायात टाचेच्या चपला, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये लाल पेन असलं की बाईमाणसाला आपण काहीतरी आहोत असं वाटू लागतं. मला तर आपण सगळंच आहोत असं वाटायचं.

त्या पानावर ‘वापरून पाहिलं’ नावाचं एक सदर होतं. ही कल्पना संपादकांची. बाजारात नवीन वस्तू यायच्या, त्यांच्या जाहिराती आम्हीच छापायचो. तेव्हा त्या वस्तू घरात कशा चालतात तेही आपणच सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी सांगलीच्या एका लहान कारखान्यानं प्रेशर कुकर काढला होता. त्यांनी तीन कुकर तीन वाचक बायकांना महिनाभर वापरायला दिले. महिना संपला की बाईनं आपलं मत लिहून पाठवायचं. मग कुकर विकत घ्यायचा, नाहीतर विट्याच्या दुकानात परत द्यायचा.

तिसरा कुकर गेला आटपाडीकडच्या एका वस्तीवर. सांगली जिल्ह्याचा तो पूर्वेचा कोरडा भाग. ते घर पूर्वी मेंढरांमागे फिरणारं, आता थोडी शेती करणारं. बाई पस्तिशीची, सातवी पास, नवरा पलटणीत. गावातल्या सगळ्या पलटणवाल्यांच्या बायकांची पत्रं तीच लिहायची, म्हणून लेखणीची सवय. तिचं परीक्षण आलं, वहीचे चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले.

ते वाचून मी खुर्चीतच हसायला लागले. हा कुकर म्हणजे गरिबाघरची अन्नपूर्णा, याच्यासारखं भांडं झालं नाही, होणार नाही, ज्यानं बनवला त्याच्या आईला धन्य म्हणावं, प्रत्येक माउलीनं डोळे झाकून घ्यावा. सगळं असंच. एक खोट नाही, एक तक्रार नाही.

संपादकांना कागद दाखवले. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वाचून म्हणाले, “ही आरती झाली. खाली कापूर लावायचा तेवढा राहिलाय.”

मग टरफलं बाजूला सारून त्यांनी काम सांगितलं. लेख समतोल करायचा, पण मत तिचंच राहिलं पाहिजे. जिथं अडेल तिथं तिला पत्र टाकून विचारायचं, लेख आठवडाभर थांबला तरी बिघडत नाही. त्यातला ‘समतोल’ हा शब्द तेवढा माझ्या कानात शिरला. बाकीचं मी ऐकलं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगताहेत अशा थाटात. बी.ए. झालेल्या बाईनं सातवी पास बाईला पत्र टाकून विचारायचं, म्हणजे मग बी.ए. कशाला झालो?

माझी रीत आता सांगायची लाज वाटते, पण सांगते. एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. डावीकडे नऊ ओळी भरल्या, उजवीकडे एक नाही. तराजूचं एक पारडं असं हवेत लोंबकळताना पाहून मला चैन पडेना. तेव्हा डावीकडचं कमी केलं आणि उजवीकडचं बनवलं.

दोष आणायचे कुठून? आमच्या घरी तर कुकर नव्हता. पण आत्या होती. आत्यानं कुकर आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल तिला पुष्कळ माहिती होती. पुण्यात कुणाच्या तरी घरी झाकण उडून छताला चिकटलं, शिटीनं पाळण्यातली पोरं दचकतात, वाफेत डाळीचं सत्त्व जातं. मी हे सगळं छापील भाषेत आणलं. ‘झाकण उडण्याचा धोका संभवतो असे समजते.’ हे ‘असे समजते’ मला फार आवडलं होतं. असं लिहिलं की कुणाला समजतं, कुणाकडून समजतं, हे सांगावं लागत नाही.

मग कापाकापी. तिसऱ्या कागदावर सगळ्या आरतीच्या मधोमध एक वाक्य होतं. ‘आमच्या आडाचं पाणी लय जड, तुरीची डाळ दुपार खाती, यात तीन शिट्ट्यांत मेणावानी होती.’ त्यावर मी लाल रेघ मारली. एक तर ते बोलीत होतं. दुसरं म्हणजे कुकरच्या लेखात आडाच्या पाण्याचं रडगाणं कशाला? आणि तिसरं, मी प्रयोग केला होता. हो, शास्त्रशुद्ध. वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन आईच्या चुलीपाशी बसले आणि साध्या पातेल्यातली तुरीची डाळ किती वेळात शिजते ते पाहिलं. पाऊण तास झाला नाही तोच आईनं रवी फिरवली. म्हणजे ‘डाळ दुपार खाती’ ही शुद्ध अतिशयोक्ती. साताऱ्यात नळाला डोंगरावरचं गोड पाणी येतं, ते सगळ्या जगाच्या नळाला येतं असं मी धरून चालले होते.

शेवटी निष्कर्ष लिहिला. ‘एकंदरीत कुकर बरा असला तरी विचारपूर्वकच घ्यावा.’ खाली तिचं नाव आणि गाव.

संपादक त्या आठवड्यात आजारी होते. पान परस्पर छापलं गेलं. मी पाच अंक विकत घेऊन नातेवाइकांत वाटले. नाव माझं नव्हतंच कुठे, तरी वाटले.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड म्हणजे प्रेसमधल्या शिपायापासून खिळे जुळवणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. माझ्या टेबलावर आलं तेव्हा ते चुरगळलेलंच होतं.

‘ताई, मी असं लिहिलं नव्हतं. मामंजींना वाचता येत नाही, त्यांनी ओसरीवर बसवून मला वाचायला लावलं. माझ्या नावाखाली होतं म्हणून सगळं वाचलं. कुकर परत केला. जड पाण्याचं वाक्य का काढलंत?’

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं होतं.

मी ते कार्ड पर्समध्ये घालून दोन दिवस हिंडले. मनाशी खूप उत्तरं तयार केली. जागा कमी होती. भाषा सुधारायची होती. संपादकांचं धोरण होतं. हे शेवटचं उत्तर तर मी आरशासमोर म्हणून पाहिलं. पण डोळ्यांसमोर येई ती ओसरी, आणि त्यावर बसून स्वतःच्या नावाखालचं, स्वतः न लिहिलेलं, मोठ्यानं वाचणारी बाई. तिला त्यातलं वाक्य गाळता आलं असतं. सासऱ्याला कुठे वाचता येत होतं? मला तिच्या कागदावरचं गाळताना काही वाटलं नाही, आणि तिनं माझं एक अक्षर गाळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कार्ड संपादकांपुढे ठेवलं. त्यांनी तिचे मूळ कागद मागितले. लाल रेघांनी ते पार रक्तबंबाळ झाले होते. वाचता वाचता त्यांचं बोट तिसऱ्या कागदावर थांबलं.

“हे का काढलंस?”

“सर, ते ओघात बसत नव्हतं.”

“अख्ख्या पत्रात एवढं एकच वाक्य कुकरबद्दल आहे,” ते म्हणाले. “बाकी सगळं तिच्या आनंदाबद्दल आहे. आनंद छाटायचा होता, तू कुकरच छाटलास.”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग शांतपणे विचारलं की झाकण उडण्याचं त्या बाईला कुठे समजलं. मी आत्याचं नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, उद्या पहिल्या गाडीनं जा. तिच्या चुलीपुढे बस. ती काय म्हणते ते लिही, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय परत येऊ नकोस.

सातारा ते कराड, कराड ते विटा, विट्याहून आटपाडीची गाडी, आणि शेवटी टाचेच्या चपला हातात घेऊन पाऊण कोस चालणं. वस्तीवर पोचले तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर घोंगडं अंथरून म्हातारा बसला होता. मी कुठून आले ते कळताच त्याचा चेहरा उजळला.

“तूच व्हय गं ती पेपरवाली? लय बरं केलंस, पोरी. घर वाचलं आमचं.”

याची मात्र मी तयारी केली नव्हती. शिव्या खायला आले होते आणि म्हातारा मला गूळपाणी द्यायला सांगत होता. त्यानं सगळी हकिगत सांगितली. मुलगा तिकडं सरहद्दीवर, सून त्याची ठेव म्हणून आपल्यापाशी. सुनेनं आग्रह धरला म्हणून महिनाभर भांडं वापरू दिलं. पेपरात चांगलं आलं तर ठेवून घेऊ असं कबूलही केलं होतं. पण झाकण उडतं हे ऐकलं आणि त्याला घाम फुटला. सुनेचं तोंड भाजलं असतं तर पोराला काय सांगायचं? त्याच दिवशी त्यानं देवापुढचा भंडारा उचलून शपथ घेतली की हे भांडं पुन्हा या घरात येणार नाही. मग कुकर पोत्यात घालून, पोतं काठीच्या टोकाला अडकवून, अंगापासून हातभर लांब धरून तो विट्याला नेऊन दिला.

हे शेवटचं तो अशा काही अभिनयानं सांगत होता की एरवी मी पोट धरून हसले असते. आत उंबऱ्यापाशी सून उभी होती. तीही हसली नाही.

मी तिला म्हटलं, वहिनी, आत येऊ का? ती बाजूला झाली.

चुलीवर मातीच्या मडक्यात डाळ चढलेली होती. संध्याकाळच्या जेवणाची, आणि घड्याळात चारसुद्धा वाजले नव्हते. तिनं माझ्यापुढे तांब्या ठेवला. मी पाणी प्यायले आणि घशाशी खडू घासल्यासारखं वाटलं. तांब्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर होता. माझ्या शास्त्रशुद्ध प्रयोगात एवढंच राहून गेलं होतं.

आम्ही बसलो. तास गेला. तिनं पळीनं चार दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. दाबून पाहिले तर दाणा बोटांतून निसटला. आणखी सरपण घातलं. धुरानं माझे डोळे गळायला लागले. तिनं पदरानं स्वतःचे पुसले, सवयीनं. सोडा घातला की लवकर शिजते, म्हणाली, पण मग साबण खाल्ल्यावानी लागतं आणि मामंजींना चालत नाही. सव्वादोन तासांनी ती डाळ डाळीसारखी दिसायला लागली, तरी तळाशी दाणे होतेच.

मी वही काढली आणि कुकरमध्ये काय वाईट होतं ते सांगा म्हटलं. ती ओसरीकडे बघून म्हणाली, काही वाईट नव्हतं. मग घागर उचलून म्हणाली, “चला ताई, पाण्याला जाऊ.”

आडापाशी आल्यावर ती बोलायला लागली.

“आवं, एक खोट लिवली असती तर मामंजी तेवढीच धरून बसलं असतं. वाईट न्हाईत ते, भितात. म्हणून म्या नुसतं चांगलंच लिवलं. म्हटलं, खोटीला जागाच ठेवायची न्हाई.”

माझं डोकं तिथं ठिकाणावर आलं. ती आरती भाबडेपणाची नव्हती. एका महिन्याच्या सुखाभोवती तिनं ते काटेरी कुंपण घातलं होतं, आणि मी साताऱ्यात बसल्या बसल्या नेमकं तेच तोडून आत भलतंच जनावर सोडलं होतं.

मी विचारलं, धाकटी बहीण आहे का? होती, पलूसकडे दिली होती. तिनं कुकर घेऊ का म्हणून विचारलं, तर काय सांगाल? कागदावर नाही, तिच्या कानात.

मग ती बोलत राहिली, तोवर घागर भरून दोनदा सांडली. कुकर लहान, दीर-जावा-पोरं धरून अकरा माणसांची डाळ दोनदा लावावी लागते. चुलीवर जाळ बाजूनं वर येतो आणि त्याची काळी मूठ करपते. म्हणून जाळ बुडाखालीच ठेवायचा आणि पहिली शिटी झाली की दोन लाकडं मागं ओढायची. झाकणातली रबरी रिंग ताठ झाली की वाफ गळते, आणि ती सांगलीशिवाय मिळत नाही. जड पाण्याचा पांढरा खडू वाफेच्या भोकात बसतो. ते बुजलं तर मात्र धोका, म्हणून दर खेपेला झाकण उजेडाकडे धरून भोकातून सूर्य दिसतो का ते बघायचं. भाकरीला त्याचा काही उपयोग नाही.

“आणि तरी घे म्हणाल?”

“तिचं पाणी नदीचं, गोड हाय. तिला म्हणीन, घाई करू नगंस. पर इथं दिली असती तर म्हटलं असतं, दागिना मोड आन् घे.”

मी आडाच्या काठावर बसूनच लिहिलं. तिच्या खोटी तिच्याच, त्यांच्या जागेवर. तिचं चांगलं मत का आहे ते सुरुवातीला. कुकर कंपनीनं वापरायला दिला होता हेही लिहिलं. आणि शेवटी, सवय जाते कुठे, मी लिहिलं, ‘एकूण कुकर ठीक आहे.’ वाचून दाखवताना तिनं मला तिथं अडवलं.

“ठीक न्हाई, ताई. लय चांगला हाय. खोटी सांगितल्या म्हणून चांगुलपणा कशाला कमी करताय?”

मी ते खोडलं. माझ्या संपादनाच्या आयुष्यात स्वतःचं वाक्य खोडायची ती पहिली खेप.

घरी आल्यावर मला म्हाताऱ्याला सांगावं लागलं. वाटेत मी बरीच गोड भाषा जमवली होती. त्याच्यासमोर ती सगळी विरघळली. म्हटलं, आजोबा, झाकण उडतं ते तुमच्या सुनेनं लिहिलं नव्हतं, मी घातलं. कुठं बघितलंस, त्यानं विचारलं. कुठंच नाही. मग का घातलंस? समतोल यावा म्हणून, मी म्हटलं. हा शब्द त्या ओसरीवर इतका पोकळ वाजला की मलाच ऐकवेना.

तो काठीनं जमिनीवर रेघा ओढू लागला.

“आमी मेंढरू इकताना त्याची खोड सांगतो. लंगडतंय तर लंगडतंय म्हणून सांगतो. न्हाई सांगितली तर पुढच्या बाजारात कोण उभं करंल? पर दुसऱ्या मेंढराची खोड ह्याच्या अंगाला चिकटवत न्हाई, पोरी.”

मी धीर करून विचारलं, आता कुकर परत आणाल का? त्यानं सुनेकडे पाहिलं. त्याचं तोंड पडलं होतं.

“भंडारा उचललाय,” तो म्हणाला.

सून आत निघून गेली. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. देवापुढचा भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे काय, हे मला साताऱ्यात कुणी शिकवलं नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणात शिकले. कुणी मला दोन शब्द सुनावले नाहीत. डाळ वाढली, वर तूप वाढलं. तळाचे दाणे माझ्या दाताखाली येत होते आणि मी ते न चावता गिळत होते.

सकाळी मुक्कामी गाडीनं परतले. लेख पुढच्या अंकात आला. वर चौकटीत खुलासा. तो मी आधी असा लिहिला होता: ‘मागील एका अंकातील परीक्षणात संपादनप्रसंगी काही त्रुटी राहून गेल्या.’ संपादकांनी कागद परत दिला. त्रुटी राहून गेल्या नाहीत, आपण घातल्या, म्हणाले. मग लिहिलं, ‘झाकण उडण्याबाबतचा मजकूर परीक्षण करणाऱ्या बाईंचा नव्हता. तो आम्ही ऐकीव माहितीवरून घातला. त्यांचे एक महत्त्वाचे वाक्य आम्ही काढून टाकले. ही चूक आमची आहे.’ माझं नाव घाला म्हटलं, तर नको म्हणाले. नाव घातलंस तर तेवढंही मिरवशील.

परीक्षणाचा शेवट असा होता: ‘एवढे असूनही मला हा कुकर फार आवडला. ज्यांचे पाणी जड आहे त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांचे पाणी गोड आहे त्यांनी घाई केली नाही तरी चालेल.’ कारखान्याचा माणूस रागावून येईल म्हणून मी धसकले होते. तो आला, पण आटपाडी, जत भागातून मागणी वाढली असं सांगायला. आणि आता रिंगा विट्याच्या दुकानातही ठेवणार म्हणाला.

तिच्या वस्तीवर तीन घरांनी कुकर घेतला. हे तिनंच कळवलं. बायका तिलाच बोलवायच्या, झाकण कसं लावायचं, भोक कसं बघायचं ते दाखवायला. ती जायची, दाखवायची, त्यांची डाळ तीन शिट्ट्यांत उतरवून द्यायची, आणि घरी येऊन आपलं मडकं चढवायची. शेजारणी म्हणायच्या, तुझीबी डाळ लाव की आमच्यात. नाही म्हणायची. हे तिनं तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं. गावची खबर म्हणून लिहिलं होतं, पावसापाण्याच्या ओळीखाली.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. आहेरात कुकर आला. साताऱ्याच्या गोड पाण्यात मला त्याची अडचण नव्हती, गरजही नव्हती. मी तो तिला पाठवायचा घाट घातला, कागदात गुंडाळलाही. मग लक्षात आलं की पाठवून मी तिला काय देणार होते? घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं एक भांडं, आणि रोज माझे आभार मानायची सक्ती. माझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं तेही ओझं उचलायचं. कागद सोडला. पुढं तोच कुकर मी वापरला, आणि प्रत्येक शिटीला मला तिची चूल आठवायची. नवरा म्हणायचा, कुकर लावला की हिचं तोंड का उतरतं कळत नाही.

दशक संपत आलं होतं तेव्हा शेवटचं कार्ड आलं. पत्ता साप्ताहिकाचाच, संपादकांनी वर माझं सासरचं घर लिहून पुढे धाडलं होतं.

‘ताई, मामंजींना जाऊन वर्ष झालं. जाण्याआधी म्हणाले, माझ्यामागं घे. यांनी रजेवर आल्यावर घेतला, मोठा घेतला. रिंगा दोन घेतल्या, आपण लिहिलं होतं तसं. पहिल्या दिवशी डाळ तीन शिट्ट्यांत झाली आणि राहिलेल्या दुपारचं काय करावं ते सुचेना, म्हणून पत्र लिहीत आहे.’

मी ते कार्ड ओट्यापाशी उभी राहून वाचलं. मग तिच्या सहा वर्षांच्या दुपारी मोजायला घेतल्या. पहिल्या वर्षातच हिशेब सोडून दिला.